गूळ भिजला म्हणून करार सुटत नाही

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचे दोन करार एकाच वेळी अडकले. एक गूळ पुरवायचा, पुण्याजवळच्या एका मिठाई आणि चिक्कीच्या कारखान्याशी केलेला. दुसरा गोडाऊनच्या भाड्याचा. पूर एकच, पाणी एकच, पण दोन्ही कागदांनी त्या पुराला दिलेलं उत्तर पूर्ण वेगळं निघालं. हाताबाहेरच्या आपत्तीत करारातून मिळणारी सवलत, म्हणजे फोर्स मेजर, नेमकी काय असते हे मला त्या दोन उत्तरांमधल्या फरकातून कळलं, म्हणून दोन्ही सविस्तर लिहिते.

आमचा गुळाचा व्यवसाय सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. सौदे आणि गुऱ्हाळवाल्यांशी बोलणी दीर बघतात, कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. गुळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. पावसाळ्यात जो माल द्यायचा तो हंगामात घेऊन साठवलेला असतो, थोडा गोडाऊनला आणि बाकीचा शीतगृहात. ऑगस्टमध्ये नवा गूळ निघत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

कारखान्याशी वर्षाचा करार होता. दर महिन्याच्या १४ तारखेपर्यंत १० टन पिवळा कोल्हापुरी गूळ पोचवायचा, दर ४२ रुपये किलो. उशीर झाला तर न पोचलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला एक टक्का दंड. करार इंग्रजीत होता आणि शेवटच्या पानावर फोर्स मेजरचं कलम होतं. त्यात आधी यादी होती: पूर, भूकंप, आग, युद्ध, दंगल, संप, सरकारी आदेश आणि "पक्षाच्या वाजवी नियंत्रणाबाहेरची इतर कारणं". यापैकी कशामुळे माल देणं अशक्य झालं तर तेवढ्या काळापुरती मुदत वाढेल आणि त्या काळाचा दंड लागणार नाही. पण घटना घडल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं. साठ दिवसांच्या वर अडचण चालली तर दोघांपैकी कोणीही करार संपवू शकेल. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: बाजारभाव वाढणं किंवा पैशाची तंगी हे कारण धरलं जाणार नाही.

हा शब्दप्रयोग मूळचा फ्रेंच कायद्यातला, माणसाला आवरता न येणारी शक्ती अशा अर्थाचा. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यात हा शब्द कुठेही नाही. आपल्याकडे त्याचं बळ येतं ते करारात लिहिलेल्या कलमातून. कलम असेल तर न्यायालय ते कलम जसं लिहिलंय तसं वाचतं आणि त्याला करार कायद्याच्या कलम ३२ चा आधार असतो, म्हणजे अमुक घडलं तर तमुक, असा आधीच ठरवलेला सशर्त करार. कलमच नसेल तर उरतं कलम ५६, ज्यात करार पुरा करणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो. या दोन रस्त्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात मुदत वाढते, दंड थांबतो, करार चालू राहतो. दुसऱ्यात मधला मार्ग नाही, करार एकतर संपतो किंवा जसाच्या तसा उभा राहतो. आमच्या वकीलसाहेबांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवर फिरत राहिलं.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. कोल्हापुरात पावसाळ्यात रोज सकाळी हे आकडे विचारले जातात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं तोवर त्याच खुणेवर भरवसा ठेवून होती, ती खूण पाण्याखाली गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. १२ ऑगस्टच्या सुमारास एका बाजूने आधी इंधन, गॅस, औषधं यांच्या गाड्या सोडायला सुरुवात झाली.

गोडाऊनमध्ये आमचा सुमारे सहा टन माल होता. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तेव्हा गुळाचे तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा, अर्धे विरघळून एकमेकांत बसले होते, बारदानाच्या आत तपकिरी पाक आणि त्यावर नदीचा गाळ. दोन दिवसांत आंबूस वास सुटला. तो माल जनावरांनासुद्धा घालण्यासारखा राहिला नव्हता.

शीतगृह मात्र उंचावर होतं. तिथला १४ टन गूळ कोरडा, सुरक्षित होता.

नोटीस मी ८ ऑगस्टला पाठवली. घरातली वीज गेली होती, म्हणून नणंदेकडे गेल्यावर तिथून ईमेल केला. करारात नोटिशीसाठी दोन ईमेल पत्ते दिले होते, दोन्हीवर पाठवला आणि खरेदी विभागाच्या साहेबांना व्हॉट्सॲपवर त्याची प्रत टाकली. व्हॉट्सॲपवरचा संदेश पुरेसा आहे की नाही या वादात पडायलाच नको, म्हणून करारात लिहिलेला मार्ग आधी वापरला. मजकूर लांबवला नाही. कुठल्या कलमाखाली कळवतोय, काय घडलं आणि कधीपासून, त्यामुळे नेमकं कुठलं काम अडलंय, माल कुठे किती आहे, आणि रस्ता सुरू होताच पुढचं कळवू, एवढंच. कलमाचा नुसता उल्लेख करून "पुरामुळे पुरवठा होऊ शकत नाही" असं मोघम लिहिणारी पत्रं मी नंतर इतर व्यापाऱ्यांकडे पाहिली. त्यांना समोरच्याकडून एकच प्रश्न आला: पुरामुळे म्हणजे नेमकं कशामुळे?

हाच प्रश्न आम्हालाही आला. खरेदीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पूर आला हे टीव्हीवर आम्हीपण बघतोय. पण तुमचा माल शीतगृहात सुरक्षित आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग अडलं कशाने? आणि कोल्हापुरात दरवर्षी पाणी येतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. कलमात पूर हा शब्द स्पष्ट लिहिला होता. दोघांनी मिळून एखादं कारण नाव घेऊन यादीत टाकल्यावर, ते आधीच माहीत होतं असं म्हणून ते बाहेर काढता येत नाही. यादीतल्या "इतर कारणं" या शेपटाखाली काही बसवायचं असतं तर हा वाद आम्हाला जड गेला असता. शिवाय नेहमीचं पाणी आणि त्या वर्षीचं पाणी यातला फरक पाटबंधारे विभागाच्या रोजच्या पातळीच्या नोंदींवरून दिसत होता. त्या मी काढून ठेवल्या होत्या.

पहिला प्रश्न मात्र खरा होता, आणि फोर्स मेजरचा गाभाच तो आहे. आपत्ती येणं पुरेसं नाही, त्या आपत्तीनेच तुमचं ते विशिष्ट काम अडवलेलं असलं पाहिजे. आमच्या बाबतीत पुराने दोन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या. गोडाऊनमधला माल नासवला आणि रस्ता बंद केला. मी सुरुवातीला या दोन्ही एकत्रच धरत होते. वकीलसाहेबांनी त्या वेगळ्या करायला लावल्या.

नासलेल्या मालाबद्दल त्यांनी विचारलं, "कारखान्याच्या माणसाने येऊन हे रवे बघून, खूण करून बाजूला काढले होते का?" तसं काही झालं नव्हतं. करारात फक्त प्रत, रंग आणि वजन होतं. मग ते म्हणाले की मालविक्री कायदा १९३० च्या कलम ८ चा फायदा आपल्याला नाही. ठरावीक, ओळख पटवलेला माल विकायचं ठरलं असेल आणि तो विक्रेत्याची चूक नसताना नष्ट झाला, तर ती विक्री आपोआप रद्द होते. पण "दहा टन पिवळा गूळ" हा ओळख पटवलेला माल नाही. तो कुठल्याही शीतगृहातून देता येतो. आपले सहा टन वाहून गेले हे नुकसान आपलं. कारखान्याला दहा टन द्यायचं बंधन त्याने कमी होत नाही. सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला. डोळ्यासमोर माल विरघळलेला बघितल्यावर कायदा असं म्हणतो हे ऐकणं अवघड असतं.

तरी करारात "कोल्हापुरी गूळ" असं लिहिलेलं होतं, याचा थोडा उपयोग झाला. कारखान्याची सुरुवातीची मागणी होती की दौंडकडचा गूळ घेऊन पाठवा, तिकडे पूर नाही. ते आम्ही नाकारू शकलो. करारात मालाचं ठिकाण नाव घेऊन लिहिलं असेल तर तुमच्याकडून अपेक्षित शोधाशोध त्या ठिकाणच्या मालापुरतीच राहते. नुसता "गूळ" लिहिला असता तर दौंडहून आणणं आमच्यावर आलं असतं.

आता उरला रस्ता. रस्ता बंद होता त्या दिवसांत शीतगृहातून एक रवासुद्धा हलवणं शक्य नव्हतं, त्यामुळे तेवढे दिवस कलमात स्वच्छ बसत होते. ६ तारखेला ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी लावायला नकार दिला, त्याचं पत्र घेतलं. रस्ता बंद असल्याचं प्रशासनाचं प्रसिद्धीपत्रक, शीतगृहाच्या साठा रजिस्टरची पानं आणि गोडाऊनचा तलाठ्यांनी केलेला पंचनामा हे सगळं एकत्र लावलं. बंदचे दिवस धरले सात, म्हणून १४ ऑगस्टची मुदत २१ ऑगस्टवर गेली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. महिनाभर शहर चिखल काढत होतं, आमचं दुकान नीट उघडायला सप्टेंबर उजाडला. पण मुदत त्या सगळ्या महिन्यानं वाढली नाही. आपत्तीचा त्रास किती दिवस चालला हे इथे मोजत नाहीत, काम किती दिवस खरोखर अशक्य होतं तेवढंच मोजतात.

रस्ता खुला झाल्यावर दुसरा पेच आला. शीतगृहातल्या १४ टनांवर कारखान्यासह तीन गिऱ्हाइकांची ऑर्डर होती, मिळून २८ टनांची. धाकट्या दिरांचं म्हणणं होतं की जुन्या गिऱ्हाइकाला आधी पूर्ण द्यावं. वकीलसाहेबांनी सांगितलं की तसं केलंत तर उरलेले दोघे म्हणतील, आमचा माल पुराने अडला नाही, तुम्ही दुसऱ्याला दिलात म्हणून अडला. मग तिघांनाही ऑर्डरच्या निम्मा माल द्यायचा आणि तसं तिघांनाही लेखी कळवायचं असं ठरलं. कारखान्याला १९ तारखेला पाच टन पोचला.

राहिलेले पाच टन बाजारातून घ्यावे लागणार होते. इतर व्यापाऱ्यांच्या शीतगृहात कोल्हापुरी गूळ होता, पण निम्म्या शहराचा माल बुडालेला, गणपती २ सप्टेंबरला, त्यामुळे भाव ४७ रुपयांवर गेला होता. आम्ही विकायचं ४२ ला. पाच टनांवर पंचवीस हजारांचा सरळ तोटा. मी वकीलसाहेबांना विचारलं, ही भाववाढसुद्धा पुरामुळेच झालीय ना?

त्यांनी त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा एनर्जी वॉचडॉग खटल्याचा निकाल सांगितला. वीज कंपन्यांनी ठरलेल्या दराने वीज द्यायचे करार केले होते, कोळसा इंडोनेशियातून येणार होता. तिथल्या सरकारने नियम बदलला आणि कोळसा फार महाग झाला. कंपन्या म्हणाल्या, हे फोर्स मेजर आहे. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या निकालात ते नाकारलं गेलं. कोळसा मिळत होता, महाग मिळत होता. काम कष्टाचं किंवा तोट्याचं झालं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जिथे सूट मिळाली नाही तिथे आमच्या पाच रुपयांचं काय. शिवाय आमच्या कलमात भाववाढ स्पष्ट शब्दांत वगळलेली होतीच. आम्ही ४७ ने घेतला आणि ४२ ने दिला. मला हा नियम आजही योग्य वाटतो, जरी तेव्हा पैसे आमचे गेले. दर बांधून घेण्याचा अर्थच तो आहे: भाव पडला तर कारखाना आमच्याकडे दर कमी करायला येत नाही.

तो माल गोळा करून पोचेपर्यंत २७ तारीख झाली. म्हणजे वाढीव मुदतीच्याही पुढे. तेवढ्या पाच टनांवर, दोन लाख दहा हजारांवर, एक टक्का असा २,१०० रुपये दंड लागला आणि आम्ही तो न कुरकुरता मान्य केला.

कारखान्याने मात्र आणखी १८,००० रुपये वजा करायला काढले होते. त्यांनी १६ ऑगस्टला दुसरीकडून तीन टन गूळ ४८ रुपयांनी घेतला होता आणि सहा रुपयांचा फरक आमच्या बिलातून कापणार होते. विक्रेत्याने माल दिला नाही तर बाहेरून घेऊन फरक वसूल करायचा हक्क करारात होता. पण तो हक्क उभा राहतो करार मोडल्यावर. १६ तारखेला आमची मुदत कलमानुसार २१ पर्यंत पुढे गेलेली होती, म्हणजे तोवर आम्ही काही मोडलेलंच नव्हतं. कारखाना चालू ठेवायला त्यांनी बाहेरून माल घेतला यात गैर काही नाही, फक्त त्याचा खर्च आमचा नाही. हे पत्र मी तारखा एकाखाली एक लावून पाठवलं. त्यात पुराचं वर्णन एक ओळही नव्हतं. आठवड्याभरात त्यांच्या लेखा विभागाने वजावट मागे घेतल्याचं कळवलं. ८ ऑगस्टची नोटीस नसती तर ही रक्कम गेली असती, यात मला शंका नाही. मुदतीत कळवलं नाही तर सवलत मिळणारच नाही अशा अर्थाचं कलम असेल, तर खरी आपत्तीसुद्धा कामाला येत नाही.

गोडाऊनचं प्रकरण याच्या अगदी उलट गेलं.

गाळ्याचे मालक आमच्याच पेठेतले, सासऱ्यांच्या वयाचे, आम्ही त्यांना काका म्हणतो. महिना १६,००० भाडं, लाख रुपये डिपॉझिट, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार, तीन वर्षांचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला काका दुकानात आले. "सूनबाई, तुमचं नुकसान झालंय हे मला दिसतंय. पण माझं कर्ज आहे त्या गाळ्यावर, बँक हप्ता सोडत नाही. ऑगस्टचं भाडं तेवढं बघा." दीर म्हणाले, काका, गाळा पंधरा दिवस वापरताच आला नाही, भाडं कसलं? दोघेही आपापल्या जागी बरोबर बोलत होते.

मी करार काढला. त्यात फोर्स मेजरचं कलम नव्हतंच. आपल्याकडचे भाड्याचे बहुतेक करार ठरलेल्या नमुन्यावर टाइप होतात. लाइटबिल कोणी भरायचं, रंग कोणी द्यायचा, पोटभाडेकरू ठेवायचा नाही हे सगळं असतं. जागा पाण्याखाली गेली तर काय, हे नसतं.

वकीलसाहेबांकडे पुन्हा गेलो. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. जागेचा करार जर भाडेपट्टा असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०८ लागू होतं. आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमावाची हिंसा अशा न आवरता येणाऱ्या कारणाने जागा भाड्याच्या उद्देशासाठी बऱ्याच अंशी आणि कायमची निकामी झाली, तर भाडेकरूला पट्टा संपवण्याचा पर्याय मिळतो. यातला "कायमची" हा शब्द निर्णायक आहे. आमचा गाळा धुऊन, वायरिंग बदलून पुन्हा वापरता येत होता. आणि हे कलम भाडं माफ करत नाही, जागा सोडायची मुभा देतं. जागा ठेवायची आणि भाडं द्यायचं नाही असा मार्ग त्यात नाही.

मग करार कायद्याचं कलम ५६? भाडेपट्ट्याला ते लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये राजा ध्रुव देव चंद यांच्या खटल्यात सांगितलंय, कारण पट्ट्याने जागेतला हक्क आधीच भाडेकरूकडे गेलेला असतो. तो खटला फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या शेतजमिनीचा होता. आमचा करार लिव्ह अँड लायसन्स, त्यात जागेतला हक्क हस्तांतरित होत नाही, फक्त वापरायची परवानगी असते. त्यामुळे तिथे कलम ५६ चा विचार निदान करता येतो. पण १९५४ चा सत्यव्रत घोष खटला आडवा येतो. कलकत्त्याजवळची जमीन दुसऱ्या महायुद्धात सरकारने लष्करासाठी ताब्यात घेतली होती, आणि प्लॉट पाडून देणाऱ्या कंपनीने करार संपला असं म्हटलं. न्यायालयाने "अशक्य" या शब्दाचा अर्थ अक्षरशः अशक्य एवढा आखूड घेऊ नये, असं मान्य केलं. कराराचा पायाच उखडला गेला तरी पुरे, असं सांगितलं. पण तात्पुरत्या ताब्याने त्या कराराचा पाया उखडत नाही, म्हणून करार जिवंत ठरवला. तीन वर्षांच्या करारात पंधरा-वीस दिवसांचं पाणी म्हणजे पाया उखडणं नव्हे. आणि समजा आम्ही ते सिद्ध केलंच असतं, तर करारच संपला असता, गाळाही गेला असता. आम्हाला तर गाळा हवा होता.

थोडक्यात, कागदावर ऑगस्टचं पूर्ण भाडं आम्ही देणं लागत होतो. हे कळल्यावर काकांशी बोलणं बदललं. हक्क म्हणून भांडण्यासारखं काही हातात नव्हतं, त्यामुळे मी व्यवहाराचं बोलले. गाळ्याचं वायरिंग आणि शटर मालकाच्या जबाबदारीत येत होतं आणि आमच्या माणसांनी गाळ काढला होता त्याची मजुरी गेली होती. ऑगस्टचं भाडं निम्मं, वायरिंग काकांनी करायचं, मजुरी आमची, असं ठरलं आणि ते एका साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवलं. ही त्यांची सवलत होती, आमचा हक्क नव्हता, आणि पुढच्या वेळी ती मिळेलच असं धरून चालण्यात अर्थ नव्हता.

पुढे सहा-सात महिन्यांनी लॉकडाऊन आला तेव्हा हेच दोन्ही प्रश्न देशभर सगळ्यांना पडले. निकाल बघितले तर तेही याच रेषेवर होते. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर दक्षिण कोरियातून पोलाद आयात करणारे व्यापारी आले होते. लॉकडाऊनमुळे माल विकता येत नाही म्हणून बँकेमार्फतचे पैसे थांबवा, अशी त्यांची मागणी. न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला नाही: त्या करारातलं फोर्स मेजरचं कलम विक्रेत्याच्या सोयीचं होतं, विक्रेत्याने माल पाठवून आपलं काम केलं होतं, आणि लॉकडाऊन मर्यादित काळाचा होता. मे २०२० मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या भाडेकरूने भाडं स्थगित करायची विनंती केली. करारात तसं कलम नव्हतं आणि जागा त्यांनी सोडलेली नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने भाडं थांबवायला नकार दिला, भरायच्या तारखा तेवढ्या सैल केल्या. आमच्या वकीलसाहेबांनी काकांच्या गाळ्याबद्दल जे सांगितलं होतं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झालं.

गाळ्याचा करार पुन्हा करायची वेळ आली तेव्हा काकांसमोर मी एक परिच्छेद ठेवला. पुराने किंवा सरकारी आदेशाने गाळा साठवणीला वापरता आला नाही तर लेखी कळवल्याच्या दिवसापासून वापर पुन्हा सुरू होईपर्यंतचं भाडं दिवसांच्या हिशेबाने निम्मं, आणि पंचेचाळीस दिवसांच्या वर गेलं तर कोणीही करार सोडू शकेल. काकांनी "पूर्ण माफ" ऐवजी "निम्मं" एवढाच बदल करून घेतला होता, तो मला रास्त वाटला. पुरवठ्याच्या करारात आम्ही यादीला हात लावला नाही. दोनच गोष्टी घातल्या: साठा अपुरा पडला तर सगळ्या गिऱ्हाइकांना प्रमाणात वाटता येईल, आणि रस्ता बंद असल्याचा पुरावा म्हणून प्रशासनाचं पत्रक पुरेसं धरलं जाईल.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पुन्हा बंद झाला. पुरवठ्याचं कलम या वेळी एकाही फोनशिवाय चाललं. गाळ्याचं मात्र अडलं. आम्ही माल आधीच शीतगृहात हलवला होता आणि पाणी गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं, आत शिरलं नाही. काकांचा मुलगा म्हणाला, गाळा कोरडा आहे, मग भाडं निम्मं का? आमचं म्हणणं, समोरच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, वीज तोडलेली, गाडी येत नाही, मग साठवण करायची कशी? "साठवणीला वापरता आला नाही" या शब्दांत दोन्ही अर्थ बसत होते. शेवटी वीज आणि गाडीचा रस्ता या दोन्ही गोष्टी सुरू झाल्याची तारीख धरायची असं ठरलं, आणि त्याच आठवड्यात कराराला दोन ओळींचं पुरवणीपत्र जोडून दोघांच्या सह्या झाल्या.